अस्तर कुणी तयार करायचं?

गोठवलेलं भ्रूण गर्भाशयात सोडण्याआधी तिथलं अस्तर तयार असावं लागतं. हे काम दोन प्रकारे होतं. एकात बाईच्या स्वतःच्या बीजकोषात फॉलिकल वाढतं, ते फुटतं आणि त्यातून पाझरणारी हार्मोन्स अस्तर घडवतात. त्याला आपण नॅचरल सायकल म्हणतो. दुसऱ्यात पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून इस्ट्रोजेनच्या गोळ्या सुरू करतात, बीज फुटू देत नाहीत आणि पुढे प्रोजेस्टेरॉन बाहेरून देतात. ही झाली एचआरटी सायकल. भिलाई, दुर्ग, रायपूर या पट्ट्यात काय आणि नागपूर-पुण्यात काय, पाळी अगदी नियमित असलेल्या पुष्कळ बायकांनाही न विचारता दुसरी पद्धत लावली जाते. माझं म्हणणं याच्या उलट आहे. जिचं बीज दर महिन्याला आपणहून फुटतं, तिच्यासाठी सुरुवात नॅचरल सायकलपासून व्हावी, आणि एचआरटी निवडायची तर डॉक्टरांनी त्याचं कारण सांगावं.

एचआरटीचा जन्म कशासाठी झाला हे पाहिलं की मुद्दा स्पष्ट होतो. १९८४ साली मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या गटाने, बीजकोष निकामी झालेल्या एका स्त्रीला दुसरीचं बीज वापरून गर्भधारणा करून दाखवली. तिच्याकडे हार्मोन्स नव्हतीच, म्हणून ती बाहेरून द्यावी लागली. म्हणजे ही सोय ज्यांचा बीजकोष काम करत नाही त्यांच्यासाठी होती. आपल्याकडे त्याच्याही आधी, १९७८ साली, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी गोठवलेलं भ्रूण पुढच्या एका नैसर्गिक चक्रात सोडलं आणि दुर्गा नावाच्या मुलीचा जन्म झाला.

मग एचआरटी इतकी का फोफावली? कारण तिच्यात तारीख आपल्या हातात राहते. साधारण बारा-चौदा दिवस रोज सहा मिलिग्रॅम इस्ट्राडिओल व्हॅलरेट, एक-दोन सोनोग्राफी, आणि मग प्रोजेस्टेरॉन कधी सुरू करायचं ते आपण ठरवतो. पाच दिवसांचं भ्रूण असेल तर ट्रान्स्फर प्रोजेस्टेरॉनच्या सहाव्या दिवशी. रविवार टाळता येतो. लहान शहरातल्या केंद्रात एम्ब्रियॉलॉजिस्ट बाहेरगावाहून ठरावीक दिवशी येत असेल, तर आठ-दहा पेशंट एका आठवड्यात बसवता येतात. यात गैर काही नाही. फक्त ही सोय केंद्राची आहे, ती वैद्यकीय गरज म्हणून सांगू नये.

यश दोन्हीत सारखंच असेल तर सोयीने काय बिघडलं, असा प्रश्न कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. नेदरलँड्समध्ये हजाराहून अधिक स्त्रियांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अँटार्क्टिका चाचणीत जिवंत बाळ होण्याचं प्रमाण दोन्ही गटांत फारसं वेगळं नव्हतं. पण गर्भ राहणं म्हणजे काम संपलं असं नाही. बीज फुटल्यावर त्या जागी पीतपिंड तयार होतो. तो प्रोजेस्टेरॉन देतो, आणि त्यासोबत रिलॅक्सिनसारखी, रक्तवाहिन्या सैल ठेवणारी द्रव्यंही देतो. एचआरटीत पीतपिंड नसतो आणि आपल्या गोळ्या-इंजेक्शनांत रिलॅक्सिन नसतं. अमेरिकेतल्या २०१९च्या एका अभ्यासात पीतपिंडाविना झालेल्या गरोदरपणांत प्री-एक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणातला धोकादायक रक्तदाब, सुमारे १३ टक्के होता. बीज फुटलेल्या सायकलींत सुमारे ४ टक्के. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, आणि एचआरटी घेणाऱ्या बायकांत पीसीओएस व जास्त वजन अधिक असतं, हा आक्षेप खरा आहे. तरी दुसऱ्या देशांतल्या मोठ्या नोंदीही त्याच दिशेला बोट दाखवतात, आणि नियमित पाळीच्या बाईला हा धोका पत्करायला लावण्याजोगा फायदा समोरच्या बाजूला दिसत नाही. छत्तीसगडात आणखी एक गोष्ट विसरू नये: इथे सिकलसेल पुष्कळ आहे. ज्या बाईला तो आजार आहे, तिच्या रक्तात गुठळ्या होण्याचा धोका मुळातच जास्त, त्यात वरून इस्ट्रोजेन देण्याआधी दहादा विचार करावा.

दुसरा आक्षेप अंतराचा. बालोद किंवा कवर्ध्याहून येणाऱ्या बाईने रोज सोनोग्राफीला कसं यायचं? रोज यावं लागतच नाही. समजा, तिची पाळी एकोणतीस दिवसांची आहे. पहिली सोनोग्राफी दहाव्या-अकराव्या दिवशी. फॉलिकल तेरा-चौदा मिलिमीटर असेल तर तीन दिवसांनी पुन्हा. ते सतरा-अठराचं झालं, अस्तर सातच्या वर आणि तीन रेघांचं दिसलं, आणि रक्तातलं एलएच अजून चढलेलं नसलं, तर एचसीजीचं इंजेक्शन द्यायचं आणि सातव्या दिवशी ट्रान्स्फर. म्हणजे दोन-तीन फेऱ्या, आणि इंजेक्शन एक-दोन दिवस मागेपुढे करायला थोडी जागाही मिळते. कधी एलएच आधीच चढलेलं सापडतं, मग दिवस त्यावरून मोजायचा. कधी फॉलिकल वाढतच नाही, तेव्हा ती सायकल सोडावी लागते. पाळी अनियमित असेल, पीसीओएस असेल, तर लेट्रोझोलच्या गोळ्यांनी बीज फोडता येतं, तेही न जमल्यास एचआरटी आहेच. बीजकोष संपलेल्या बाईला मात्र तोच रस्ता, आणि तिथे रक्तातलं प्रोजेस्टेरॉन ट्रान्स्फरच्या सुमारास तपासावं. नुसत्या योनीमार्गातल्या गोळ्यांवर ते मिलिलिटरमागे दहा नॅनोग्रॅमच्या खाली राहिलं तर इंजेक्शनची जोड द्यावी.

आता पातळ अस्तर. बहुतेक जोडपी सात मिलिमीटर हा आकडा परीक्षेतल्या पास-नापाससारखा मनात धरून येतात. कॅनडातल्या २०१८च्या मोठ्या नोंदीत गोठवलेल्या भ्रूणांसाठी आठच्या वर अस्तर असताना बाळ होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्के होतं, सात ते आठमध्ये २७, सहा ते सातमध्ये २४ आणि पाच ते सहामध्ये १५. उतार आहे, कडा नाही. शिवाय दोन सोनोग्राफरांच्या मोजणीत अर्धा-एक मिलिमीटरचा फरक सहज पडतो. तेव्हा ६.६ वाचून सायकल रद्द करणं आणि ४.८ वर भ्रूण सोडणं, दोन्ही चूक.

याहून महत्त्वाचं, अस्तर पातळ का आहे हे विचारायला हवं. वारंवार क्युरेटिंग झालं असेल, किंवा आपल्या भागात अजून आढळणारा गर्भाशयाचा क्षयरोग होऊन गेला असेल, तर अस्तराचा खालचा थरच जखमेने गेलेला असतो. जिथून पुन्हा उगवायचं ती मुळंच उरली नाहीत, तर इस्ट्रोजेनचा डोस सहाचा बारा मिलिग्रॅम केल्याने काय होणार? अशा वेळी हिस्टेरोस्कोपी करून आत चिकटलेलं काही आहे का ते पाहावं, आणि जुन्या क्षयाची शंका असेल तर ती आधी सोडवावी. कारण सापडलं नाही आणि पाळी नियमित असली, तर एचआरटीत अस्तर सहावर अडकल्यावर गोळ्या आठवडाभर वाढवून किंवा योनीमार्गाने देऊन पाहावं, नाहीतर पुढच्या महिन्यात तिच्याच फॉलिकलवर सोडून पाहावं. काहींचं अस्तर स्वतःच्या हार्मोनवर थोडं बरं वाढतं. सगळ्यांचं वाढेल असं वचन देता येत नाही. पीआरपी, सिल्डेनाफिल, जी-सीएसएफ हे त्यापुढचे उपाय. त्यांचे पुरावे तुटपुंजे आहेत, जी-सीएसएफ तर लहानशा नियंत्रित चाचणीत टिकलं नाही. बिलात मात्र ते ठळक दिसतात. हे उपाय घ्यायचे तर प्रयोग म्हणून, तसं कळूनच घ्यावेत.

एक महिना थांबलो तर भ्रूण खराब होईल, ही भीती बाळगू नये. व्यवस्थित गोठवलेलं भ्रूण द्रव नायट्रोजनमध्ये महिन्याभराने बदलत नाही, आणि २०२१च्या एआरटी कायद्याने ते दहा वर्षांपर्यंत ठेवायला मुभा आहे. तेव्हा तुमची पाळी नियमित असेल आणि हातात इस्ट्रोजेनच्या गोळ्यांची चिठ्ठी आली, तर डॉक्टरांना नम्रपणे विचारा: माझ्यासाठी नॅचरल सायकल का नको? उत्तर वैद्यकीय असेल तर ते माना. ते फक्त वेळापत्रकाचं असेल तर पुढची पाळी येईपर्यंत थांबायला हरकत नाही.