सावकाश उतरणारी हवा

सायकलच्या चाकात रात्री भरलेली हवा सकाळी निम्मी उरली, तर आधी व्हॉल्व्ह तपासावा. वालट्यूब कुजली तरी हवा अशीच उतरते. तिथे टाकलेला पाण्याचा थेंब फुगला नाही, तर ट्यूब काढून जरा जास्त फुगवून बादलीत हळू फिरवावी, कारण बारीक छिद्र ताणल्यावरच उघडते. ट्यूबच्या अंगाला नुसते चिकटलेले बुडबुडे बोट फिरवल्यावर जातात. छिद्रातले पुन्हा पुन्हा येतात. छिद्र सापडले की पॅच लावायचा. बिनसोल्युशनचा चिकट पॅच झटपट बसतो, हे मान्य; वाटेत तो उपयोगीही आहे. पण तो नुसता चिकटतो, सोल्युशन मात्र पॅचचे रबर ट्यूबशी सांधते. ‘सोल्युशननेही पॅच सुटतात’ म्हणणाऱ्यांनी घाई केलेली असते. जागा घासून पातळ थर द्यावा आणि ओली चकाकी जाईपर्यंत, साधारण पाच मिनिटे, थांबूनच पॅच दाबावा.