पहाटे वाहणारी टाकी

आमच्या नेसरीच्या घरी नळाला पाणी येतं ते पहाटे, फजरच्या अजानच्या आसपास. दाब चांगला असतो, त्यामुळे मोटारीशिवाय पाणी थेट स्लॅबवरच्या टाकीत चढतं. टाकी भरली की बॉलकॉक आपोआप पाणी बंद करतो, असं आम्ही समजून होतो. शेजारच्या आक्कांनी एक दिवस हाक मारली, "पोरींनो, तुमची टाकी रोज पहाटं वाहतीया. भिंतीचा पोपडा पडला बघा."

आम्ही दोघी जावा मागं जाऊन बघतो तर ओव्हरफ्लोचा पाईप नेमका त्यांच्या बाजूला सोडलेला. त्यांची भिंत जुनी, मातीची. हातभर उंचीपर्यंत ओल चढली होती आणि खालची माती बोटानं सुटत होती. आक्का किती दिवस गप्प बसल्या होत्या कोण जाणे. आम्हांला फार लाज वाटली.

प्लंबर दोन दिवसांनी येतो म्हणाला. अब्बांचे गुडघे जिना चढू देत नाहीत, पण त्यांनी अंगणातूनच सांगितलं, "पाणी चालू असताना गोळ्याची दांडी हातानं वर उचला आणि बघा, धार थांबते का." सगळी परीक्षा एवढीच. दांडी उचलल्यावर धार थांबली तर वाल्व ठीक आहे, दोष गोळ्याचा. थांबली नाही तर दोष वाल्वच्या आत.

दुसऱ्या दिवशी पहाटे एक जाऊ खाली कॉकजवळ, दुसरी वर. दांडी उचलली, धार बंद! म्हणजे गोळाच वर येत नव्हता. तो फिरवून काढला, हलवला तर आत पाणी डचमळलं. प्लास्टिकच्या जोडावर केसाएवढी चीर होती. जुना गोळा सोबत नेऊन तशाच आट्यांचा नवा आणला. नवा गोळा जरा जास्तच वर जाऊन पाणी बंद करत होता, म्हणून पितळेची दांडी खाली वाकवली. वाकवताना वाल्वजवळचा भाग एका हातात घट्ट धरायचा, नाहीतर खिळीवर ताण येतो. पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडाखाली दोन बोटं थांबलं, तेव्हा आम्ही खूश.

पंधरा दिवसांत पुन्हा ठिबकायला लागलं. पाईपाखाली बादली ठेवली तर 15 लिटरची बादली 20 मिनिटांत भरली. टाकी भरल्यावर तासभर नळ असतो, म्हणजे रोज तीन बादल्या आक्कांच्या भिंतीत. या वेळी दांडी वर उचलून दाबून धरली तरी पाणी थांबेना. आता आत बघणं भाग होतं.

खालचा कॉक बंद करून खिळी काढली. दांडी सुटली आणि पितळेचा दट्ट्या बाहेर आला. त्याच्या टोकाला रबरी वायसर असतो, तोच पाण्याचं भोक दाबून धरतो. आमच्या वायसरवर गोल खाच पडली होती. नवीन वायसर पाच मिनिटांत बसला. ठिबक कमी झाली, पण थांबली नाही. इथं आम्ही वैतागलो आणि एकमेकींवर थोड्या चिडलोही. शेवटी भोकाच्या काठावरून नख फिरवलं, तर एका जागी अडकलं. वाळूचा खडा कधीतरी मधे सापडून पितळेला टोचा पडला होता. अशा काठावर कितीही वायसर बदला, पाणी वाट काढतंच. अख्खा बॉलकॉक बदलण्यावाचून इलाज नव्हता.

तोवर प्लंबर आला. आम्ही आय. एस. आय. छापाचा पितळी बॉलकॉक आणून ठेवला होता. त्यानं पाईप सोडवताना वाल्व दुसऱ्या पान्यानं धरून ठेवला. तसं केलं नाही तर वाल्व टाकीत फिरतो आणि प्लास्टिकचं भोक चिरतं. भिंतीच्या आतबाहेर रबरी चकत्या, मग चेकनट, आट्यांवर टेफ्लॉन टेप. जोडण्याआधी त्यानं पाईप क्षणभर मोकळा सोडला. तांबूस गाळ भसकन बाहेर पडला! तो नव्या वाल्वमध्ये गेला असता तर तीच गोष्ट पुन्हा. गोळा कुठं भिंतीला घासत नाही ना, हेही त्यानं दांडी वरखाली करून पाहिलं.

जाताना त्याला आम्ही आणखी एक काम सांगितलं. ओव्हरफ्लोचा पाईप फिरवून आमच्या पुढच्या दारावर आणला. आता टाकी वाहिली तर नमाजला निघालेल्या अब्बांच्या टोपीवरच पहिला थेंब पडेल. आक्कांच्या भिंतीला सुकायला उन्हाळा लागेल. चिखलाचा गिलावा द्यायला आम्ही दोघी जाणार आहोत, माती त्यांनीच चाळून ठेवली आहे.