गाविलगडाचे एक छायाचित्र

मुक्तागिरीची यात्रा आटोपली की वर्ध्याकडची बरीच कुटुंबे चिखलदऱ्याला एक मुक्काम करतात. अशाच एका कुटुंबाच्या दुकानात गादीमागे गाविलगडाचे छायाचित्र लावलेले आहे. समोर आजी आणि नातवंडे, मागे तट. वर्षानुवर्षे सर्वांनी पाहिली ती माणसेच. एके दिवशी धाकट्या नातवाने विचारले, "आजोबा, किल्ल्याला दरवाजाच नाही का?"

आजोबांनी चष्मा पुसून चित्र हाती घेतले. दरवाजा खरोखरच दिसत नव्हता. पायवाट मात्र बुरुजाच्या कुशीत जाऊन नाहीशी होत होती. दरवाजा तेथेच, आडोशाला असणार. वाट ऐन तोंडाशी काटकोनात वळवली की धडक द्यायला आणलेल्या हत्तीला धाव घेता येत नाही आणि तोफेचा गोळा दूरवरून सरळ फळीवर बसत नाही. वळणावर रेंगाळणाऱ्यावर दोन्ही बाजूंच्या तटांवरून मारा होतो. गडकोटांचे जाणकार या बांधणीला गोमुखी म्हणतात.

बुरूज तटाच्या पुढे आलेला दिसतो, तो शोभेसाठी नव्हे. सरळ भिंतीच्या पायथ्याशी चिकटलेला शत्रू भिंतीवरच्या शिपायाला वाकल्याशिवाय दिसत नाही. पुढे आलेल्या बुरुजावरून तोच शत्रू बाजूने टिपता येतो. माथ्यावरच्या पाकळ्यांसारख्या चर्या शिपायाला आडोसा देतात. खालची अरुंद भोके म्हणजे जंग्या. त्या आतून बाहेर खाली उतरत्या असतात, पण तो उतार छायाचित्रात कळत नाही. त्यासाठी आत जाऊन भोकाला डोळा लावावा लागतो. पायवाट दिसली की नेम कशावर होता ते उमगते.

"मग हा किल्ला पडलाच कसा?" नातवाचा पुढचा प्रश्न.

आजोबांनी त्याला गोदामाची गोष्ट सांगितली. पुढच्या शटरला तीन कुलुपे, आणि मागची भिंत बोळाला लागून! गाविलगडाच्या दक्षिणेला तुटलेले कडे आहेत, तिकडून तोफा चढत नाहीत. उत्तरेला मात्र लबाडा गावाकडची जमीन किल्ल्याच्या पातळीला येते. म्हणूनच तिकडे तटापुढे आणखी तट घातले होते. डिसेंबर 1803 मध्ये कर्नल स्टीव्हन्सनने डोंगरातून वाट काढत, कित्येक दिवस तोफा ओढत नेमके तेच टोक गाठले. 13 तारखेला मारा सुरू झाला. 15 तारखेला फौज खिंडारातून बाहेरच्या किल्ल्यात शिरली. आतल्या किल्ल्याचा दरवाजा तरीही बंदच होता. कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने शिड्या लावून तट ओलांडला आणि तो आतून उघडला. किल्लेदार बेनीसिंह लढताना पडला.

नातवाने चित्र पुन्हा उलटसुलट न्याहाळले. "यात उत्तर कुठली?"

आजोबांना ते सांगता आले नाही. सावल्या लांब होत्या. पण फोटो सकाळी काढला की संध्याकाळी, हे फक्त आजीला आठवत असे.