ओवीला 'अनामिक' कोणी केलं?

लोकगीतांच्या पुस्तकात ओवीखाली 'अनामिक' किंवा 'पारंपरिक' असं छापलेलं दिसलं की मला एक प्रश्न पडतो. ओवी पहिल्यांदा कोणी रचली हे सांगता येत नाही, मान्य. पण ज्या बाईने ती त्या दिवशी गायली, ती तर समोरच बसली होती ना? तिला नाव होतं, गाव होतं, जात होती. वही घेऊन गेलेल्या माणसाला ते लिहिण्याजोगं वाटलं नाही आणि पुढे सगळ्या ओव्या 'मराठी स्त्री' नावाच्या एकाच बाईच्या झाल्या. ही बाई पाटलाच्या वाड्यातली की महारवाड्यातली, हे कळायला मार्गच उरला नाही.

हा नुसता श्रेय देण्याचा मुद्दा नाही मित्रांनो. एकच ओवी पाच गावांत पाच तऱ्हेने गायली जाते. त्या फरकांतून काही शिकायचं असेल तर कोणती तऱ्हा कोणाची हे आधी माहीत हवं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह उभा केला, त्यात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत आणि गाणारीचं नाव, गाव यांची नोंद ठेवलेली आहे. आज 'पारी'च्या संकेतस्थळावर तो संग्रह वाचता-ऐकता येतो. बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यात आहेत. आपल्यातल्या प्रत्येकाने त्या एकदा सलग ऐकाव्यात.

पण ऐकताना सगळेच फरक सारखे मोलाचे नसतात. ओवी लिहिली की दोन ओळींची, शेवटी यमक जुळवलेली दिसते. गाताना मात्र बाई अर्धी ओळ दोनदा घेते, मध्ये 'गं बाई' घालते, दळणाच्या लयीप्रमाणे शब्द ताणते. दोन वह्यांत एकच ओवी लहानमोठी दिसली तर एकाने गाणं जसंच्या तसं उतरवलं आणि दुसऱ्याने आटोपतं घेतलं, एवढाच पुष्कळदा त्याचा अर्थ असतो. तसंच गावाचं, भावाचं, लेकाचं नाव. ती जागा मोकळीच असते. जी गाईल ती आपलं नाव तिथे बसवते. ओळीच्या मधला शब्दही सहज बदलतो, 'भीम'च्या जागी 'बाबा' येतो. यमकाचा शब्द मात्र सहज हलत नाही. तो हलवला तर जोडीची ओळ नव्याने बांधावी लागते. म्हणून शेवटचा शब्द बदललेला दिसला की मी थांबते. तिथे विसरभोळेपणा नसतो, तिथे कोणीतरी विचार करून नवं रचलेलं असतं.

आमच्या भागातलं एक उदाहरण देते. दोन म्हाताऱ्या बायांकडून मी बाबासाहेबांच्या दुसऱ्या लग्नावरच्या ओव्या उतरवून घेतल्या. दोघींची पहिली ओळ जवळपास एकच होती. दुसरी ओळ मात्र वेगळी, यमकही वेगळं. एकीच्या ओवीत भीमराव बामणाचा जावई झाल्याचा अभिमान आहे. दुसरीच्या ओवीत त्याच बामणाच्या लेकीवर संशय आहे, तिने घात केला असा.

जयंतीला ओव्यांची पुस्तिका काढायची म्हणून मी या आमच्या मंडळात दिल्या. लगेच सूचना आली की दुसरी गाळा, पहिलीतला 'बामणाचा जावई' काढून 'साऱ्या जगाचा राजा' करा, म्हणजे ओवी शुद्ध होईल. मी विरोध केला. कारण या दोन ओव्या शेजारी ठेवल्या तरच काही कळतं.

लग्न 15 एप्रिल 1948चं. म्हणजे दोन्ही ओव्या त्यानंतरच्याच. जी आजी 'जावई' म्हणते, तिच्यासाठी तो शब्द साधा नाही. जावयाचे पाय धुतले जातात, त्याला पाटावर बसवतात. ज्या घराच्या अंगणातही आपल्या माणसाला पाऊल टाकता येत नव्हतं, त्या घराला आता आपल्या माणसाचे पाय धुवावे लागणार, हा हिशेब त्या एका नात्याच्या शब्दात आहे. 'जगाचा राजा'मध्ये तो राहत नाही.

संशयाची ओवी 6 डिसेंबर 1956 नंतरची असणार. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक ठरला. तेव्हा या ओवीवरून माईसाहेबांवर आरोप करणं हा शुद्ध अन्याय आहे. ओवी घटनेची साक्ष देत नाही. ती बातमी वस्तीत कशी पोचली, माणसं किती हादरली आणि दोष कोणावर ठेवून सावरू पाहत होती, याची मात्र साक्ष देते. ते गाळून टाकलं तर त्या दिवसांतल्या आपल्याच बायांच्या मनात काय होतं, ते आपणच पुसून टाकतो.

मग पहिली ओळ समान आहे म्हणून संशयाची ओवी अभिमानाच्या ओवीतून निघाली, असं म्हणायचं का? मोह होतो, पण आधी एक तपासणी करावी लागते. ती पहिली ओळ भलत्याच लग्नाच्या ओव्यांत सापडते का, हे पाहावं लागतं. मला ती भाच्याच्या लग्नावरच्या एका ओवीत, दुसऱ्याच जातीतल्या बाईकडून मिळाली. म्हणजे ती सगळ्यांच्या वापरातली तयार ओळ आहे. दोघींनी ती स्वतंत्रपणे उचललेली असू शकते. नातं सिद्ध होत नाही, विषय तिथेच थांबतो.

काळ ठरवतानाही हेच भान लागतं. पहिली ओवी याची, दुसरी त्याची, अशी मोजत जाणारी गाणी देवांच्या नावाने होतीच. त्याच जागांवर बुद्ध, धम्म, संघ आणि भीम येऊन बसले. त्यात दीक्षेचा उल्लेख असेल तर तो शब्द 14 ऑक्टोबर 1956 नंतरचा. साचा मात्र आजीच्या आजीचा असू शकतो.

आणखी एक गोष्ट आमच्या पोरांना मी सारखी सांगते. ओवीवर 'बीड जिल्हा' लिहून भागत नाही. बाई माहेरी आईकडून शिकते, मग सासरी येऊन सासूबरोबर, जावेबरोबर दळते. ओवी जिल्ह्याच्या हद्दीने नाही, सोयरिकीच्या वाटेने फिरते. मी उतरवून घेतलेल्या त्या दोघी एकाच वस्तीत राहतात, दोघींच्या दारांत वीस पावलांचं अंतर. पण माहेरं दोन वेगळ्या तालुक्यांत. नुसतं वस्तीचं नाव लिहिलं असतं तर एकाच जागी दोन उलट मतं, असा घोळ झाला असता. म्हणून प्रत्येक ओवीखाली माहेर, सासर, आणि कोणाकडून शिकली, हे लिहायचं. पोथीतल्या देवांच्या ओव्या आल्या तर त्याही लिहायच्या. बावीस प्रतिज्ञा आपण घेतल्या आहेत, वहीने नव्हे.

संशयाची ओवी गाणाऱ्या आजीला मी नाव छापू का म्हणून विचारलं. ती म्हणाली, "माझं नाव कशाला टाकती पोरी? माझ्या मायची हाय ती. तिचं टाक." मी मायचं नाव विचारलं. तिने सांगितलं, आणि ते कागदावर उतरलेलं मला पुन्हा वाचून दाखवायला लावलं.