चिंतेवरचा ‘कावा’ आणि तुमचं यकृत

मेलबर्नहून आलेल्या मुलीने आईसाठी आणलेली बाटली अधूनमधून माझ्या टेबलावर येते. "डॉक्टर, झाडपाल्याचंच आहे, मनाची धडधड कमी होते म्हणे." बाटलीवर नाव असतं कावा. हा काश्मिरी कहवा नव्हे, बरं का. फिजी, व्हानुआटू, टोंगा या बेटांवर उगवणारी, आपल्या मिरीच्या आणि विड्याच्या पानाच्या कुळातली ही वनस्पती आहे. तिच्या मुळाचा चोथा पाण्यात कालवून तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या पितात. गोळ्यांमध्ये मात्र बऱ्याचदा अल्कोहोलने किंवा ॲसिटोनने काढलेला अर्क असायचा.

यकृताच्या दुखापतीच्या तक्रारी वाढल्यावर 2002 साली जर्मनीने त्या गोळ्या मागे घेतल्या. त्याच वर्षी मेलबर्नमध्ये 56 वर्षांच्या एका बाईंचं यकृत पूर्ण निकामी होऊन त्या गेल्या. त्यांच्या गोळीत कावाबरोबर आणखी वनस्पती होत्या, म्हणून सगळा दोष एकट्या कावावर टाकता येत नाही. पुढे जर्मनीतली बंदी न्यायालयात टिकली नाही. ऑस्ट्रेलियात आज कावा मिळतो, पण दिवसाला 250 मिलिग्रॅम कावालॅक्टोनची मर्यादा आणि यकृताबद्दलची सूचना घालून. ही दुखापत फार थोड्यांना होते. कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. मर्यादेत घेतला म्हणजे धोका नाही, असंही नाही.

आणि फायदा? ऑस्ट्रेलियातच 16 आठवडे झालेल्या, 2020 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सततच्या चिंतेच्या रुग्णांना कावाने नुसत्या खोट्या गोळीपेक्षा जास्त गुण आला नाही. उलट यकृताच्या रक्ततपासण्या कावा घेणाऱ्यांत जास्त बिघडल्या. मला तरी हा सौदा पटत नाही.

तरी तुम्ही घेत असाल, तर पहिले दोन आठवडे ते सहा महिने स्वतःकडे लक्ष ठेवा. डोळे पिवळे होण्याची वाट पाहू नका, ती उशिराची खूण आहे. आधी येतो तो थकवा. जेवणावरची वासना जाते, मळमळतं, उजव्या बरगडीखाली जड वाटतं, पुरळ नसताना अंगाला खाज सुटते. थकवा चिंतेचाच समजून गोळी वाढवणारे मी पाहिलेत. लघवी भरपूर पाणी पिऊनही काळ्या चहासारखी दिसली, तर शंका नको.

यातलं काहीही दिसलं तर गोळी त्याच दिवशी बंद करा, ‘एक दिवसाआड’ नको. बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा आणि एसजीपीटी व बिलिरुबिन तपासून घ्या. कावीळ आहे आणि माणूस असंबद्ध बोलतोय, झोपाळू झालाय किंवा हिरड्यांतून रक्त येतंय, तर तपासणीची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

दारू रोज घेणाऱ्यांनी, आधीच यकृताचा आजार असलेल्यांनी आणि क्षयाची औषधं चालू असलेल्यांनी कावा सुरूच करू नये. अल्प्राझोलाम घेणाऱ्यांनीही नाही, दोन्हींची गुंगी एकमेकांत मिसळते. आणि एकदा या गोळीने यकृत बिघडलं असेल, तर तपासण्या नॉर्मल आल्यावरही ती पुन्हा घ्यायची नाही.