भरलेला हंडा निघायला जागा

घोटीत आमच्या लहानपणीच्या बहुतेक घरांत मोरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातच असायची. तीन बाय चारची जागा, खाली शहाबादी फरशी, दोन बाजूंना भिंत आणि उरलेल्या दोन बाजूंना चार इंचांचा कठडा. भिंतीतून आलेला लोखंडी पाइप आणि त्याच्या टोकाला पितळी नळ. त्या नळाची उंची कुणी ठरवली होती, हे आम्ही कधी विचारलं नाही. पण त्याखाली हंडा, कळशी, बादली, कपड्यांची पाटी यांतलं काहीही ठेवा, अडत नसे. आज नव्या घरांत नळ भिंतीवर हवा म्हणून लोक आग्रह धरतात, सिंक खोल हवं म्हणतात, आणि राहायला गेल्यावर कळतं की बादली भरायला बाथरूम गाठावं लागतंय. तेव्हा त्या जुन्या मोरीची मापं आठवून बघावीशी वाटतात.

आमच्या इगतपुरी तालुक्यात पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. दारणा धरण १९१६ सालचं, शिवाय वैतरणा, मुकणे, भावली. एवढं पाणी आजूबाजूला असून उन्हाळ्यात नळाला धार मात्र करंगळीएवढी, तीही ठरलेल्या वेळेपुरती. त्यामुळे घरात पाणी म्हणजे भरून ठेवलेलं पाणी. नळ हात धुण्यासाठी नव्हता, भांडं भरण्यासाठी होता, आणि म्हणून त्याची उंची भांड्यावरून ठरायची.

आमच्या घरी मोरी नव्याने केली तेव्हाचं मला नीट आठवतं. गवंडी पाइपासाठी भिंत फोडायला बसला आणि त्याने अंदाजाने दीड फुटावर खूण केली. थोरली काकू आतून तांब्याचा मोठा हंडा घेऊन आली. “अहो मिस्तरी, आधी हा ठेवून बघा. आणि फरशी कुठवर येणार तेही धरा,” म्हणाली. या दोन वाक्यांत सगळं आलं होतं, हे मला फार पुढे, स्वतःचं घर बांधताना उमगलं.

हंडा १६ इंच उंच. गवंड्याची खूण १८ इंचांवर, म्हणजे वरवर पाहता जागा होती. पण खूण त्याने खालच्या ओबडधोबड कोब्यापासून केली होती. त्यावर उताराचा माल आणि फरशी मिळून अडीच-तीन इंच चढणार होते. शिवाय नळाचं तोंड पाइपाच्या मध्यापासून दीड-दोन इंच खाली उतरतं. १८मधून हे दोन्ही वजा केले की तोंडाखाली उरतात १३-१४ इंच. हंडा मावलाच नसता. ही चूक आजही होते, आणि ती होते तेव्हा कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण पाइप टाकणारा आधी येतो आणि फरशी बसवणारा महिनाभराने. काकूने शेवटी तयार फरशीपासून २२ इंचांवर पाइपाचा मध्य घ्यायला लावला. म्हणजे नळाचं तोंड फरशीपासून २० इंचांवर. हंड्यावर चार इंच मोकळे राहिले, त्यात गळ्याखाली हात घालून हंडा पुढे ओढता येई. सोळा लिटरची बादली १२ इंच उंच, तिची कडी उभी केली की आणखी सहा, म्हणजे १८. कडी धरलेल्या हातासकट बादली त्या नळाखालून सुटायची. एकाच उंचीत दोन्ही बसलं.

उंचीइतकीच दुसरी गोष्ट महत्त्वाची, आणि ती बादलीने कळत नाही, हंड्यानेच कळते. नळ भिंतीपासून किती पुढे येतो? साधा आखूड नळ चार इंच पुढे येतो. बादलीचं तोंड भलंमोठं, ती भिंतीला टेकवली तरी धार आत पडते. हंड्याचं पोट १४ इंच आणि तोंड ७ इंच. पोट भिंतीला टेकलं की तोंडाची जवळची कड भिंतीपासून साडेतीन इंचांवर येते. चार इंचांवर पडणारी धार म्हणजे निम्मी आत, निम्मी काठावरून पोटावर. मग बायका हंडा तिरका धरून बसायच्या, किंवा नळाला फडक्याची चिंधी बांधून धार पुढे वळवायच्या. त्या चिंधीचं कारण एवढंच होतं. लांब बॉडीचा नळ सात इंचांपर्यंत पुढे येतो, धार हंड्याच्या बरोबर मध्यात पडते. दुकानात दोन्ही मिळतात. भिंतीवर नळ लावायचा असेल तर तिथे लांब बॉडीचाच मागावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग नळ सरळ अडीच-तीन फुटांवर का घेत नसत? एक कारण शिंतोडे. रिकाम्या बादलीत उंचावरून धार पडली की अर्धी भिंत भिजते. पण आमच्याकडचं खरं कारण दाबाचं. पाण्याची पातळी एक मीटर चढवायची तर चौरस सेंटिमीटरला शंभर ग्रॅम दाब लागतो. भरल्या टाकीला ते काहीच नाही. पण पाणी जायच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत गल्लीतले सगळे नळ सुरू असतात, तेव्हा उंचावरचा नळ आधी आटतो आणि खालचा चालू राहतो. म्हणून तर काही घरांपुढे खड्डे असायचे. पाइप जमिनीतूनच येतो, मग नळ जमिनीच्या खाली फूटभर उतरवायचा आणि हंडा मावेल असा अडीच फूट खोल खड्डा खणायचा. पाणी यायचं खरं, पण भरलेला हंडा त्या खड्ड्यातून वर काढायला दोघी लागत. शिवाय पावसाळ्यात खड्डा गढूळ पाण्याने भरला आणि नळ त्यात बुडाला की पुरवठा बंद होताना पाइप तेच पाणी आत ओढून घेतो. हेच बादलीत सोडलेल्या रबरी नळीचंही होतं. यासाठी नळाचं तोंड भांड्याच्या काठाच्या वर निदान दोन बोटं मोकळं हवं, ते पाण्यात कधी बुडता कामा नये.

पुढे ओटे उभे झाले. ही चांगलीच गोष्ट झाली. आईच्या आणि काकूंच्या पिढीने मोरीपाशी उकिडवं बसून जन्म काढला, त्यांच्या गुडघ्यांचं काय झालं ते आम्ही पाहिलं आहे. पण ओट्याबरोबर मोरी बुजवली, आणि बादली कुठे भरायची याचा विचार राहून गेला. गावातल्याच एका नात्यातल्या घरी काय झालं ते सांगतो. ओटा ३३ इंचांवर. सिंक २४ बाय १८चं, ९ इंच खोल, मुद्दाम खोल घेतलेलं. नळ भिंतीवर, त्याचं तोंड ओट्यापासून ११ इंच वर. १२ इंचांची बादली सिंकमध्ये ठेवली की तिचा काठ ओट्याच्या तीन इंच वर येतो. नळापर्यंत आठ इंच मोकळे. सगळ्यांना वाटलं, छान झालं.

बादली भरली आणि घोळ समोर आला. बादली मावणं वेगळं आणि भरलेली बादली निघणं वेगळं. सिंकच्या बाहेर काढायची तर तिचा तळ सिंकच्या काठाच्या वर यायला हवा, म्हणजे बादली नऊ इंच सरळ उचलायची. तेवढी उचलली की तिचा काठ ओट्यापासून १२ इंचांवर येतो, आणि नळ ११वर. एक इंचासाठी बादली नळाला आदळते. तिरकी करून काढली तर पाणी ओट्यावर. पुढे ओढावी तर १८ इंचांच्या सिंकमध्ये नळापुढे १२ इंचांची बादली सरकायला जागा नाही. शिवाय उभ्या कडीवरचा हात जमिनीपासून ५१ इंचांवर जातो. पाच फूट उंचीच्या वहिनीच्या तो खांद्यापर्यंत येतो, आणि त्या उंचीवर सोळा किलो पेलायचे. त्यांनी महिनाभरात सिंकमध्ये बादली ठेवणं सोडलं आणि तांब्याने खालच्या बादलीत पाणी ओतू लागल्या.

यातून हिशेब असा निघतो. बादली नळाखालून सरकवून बाजूला घेता येत असेल, तर नळाखाली बादलीची उंची आणि वर चार इंच पुरतात. सरळ वर उचलूनच काढायची असेल, तर बादलीच्या उंचीत सिंकची खोलीही मिळवावी लागते, आणि वर दोन इंच. म्हणजे वरच्या उदाहरणात सिंकच्या तळापासून २३ इंच, ओट्यापासून १४. सिंक जितकं खोल घ्याल तितका नळ वर न्यावा लागतो आणि तितके शिंतोडे वाढतात. फिरत्या तोंडाचा नळ घेतला तर हा पेच सुटतो, कारण नळच बाजूला होतो. पण खांद्याइतक्या उंचीवर सोळा किलो उचलणं त्यानेही टळत नाही. ओट्यावरच्या सिंकमध्ये पाच-सात लिटरच्या पुढचं भांडं भरायची योजनाच करू नये. खोल सिंक भांडी घासायला घ्यावं, आठ-नऊ इंच पुष्कळ झाले.

बादलीसाठी जुनी मोरीच खरी. आजच्या घरात ती मागच्या गॅलरीत किंवा धुण्याच्या जागी सहज बसते. दोन बाय अडीच फूट पुरे, कठडा चार इंचांहून जास्त नको, कारण भरलेली बादली त्यावरून दर वेळी उचलायची आहे. जागाच नसेल तर भिंतीवरच्या हात धुण्याच्या बेसिनखालून एक फाटा काढून घ्यावा. मात्र तो बेसिनच्या मधोमध घेऊ नये, तिथे सांडपाण्याचा पाइप उतरतो आणि बादली त्यावर आपटते. मध्यापासून फूटभर बाजूला घेतला की काम होतं.

२०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटरचा हिशेब धरला आहे. पाच माणसांच्या घराला ते २७५ लिटर होतात, सोळा लिटरच्या सतरा बादल्या. पुरवठा ठरावीक वेळचा असेल तर त्यांतल्या बऱ्याच कुणीतरी वाकून भरणार आणि उचलणार, आणि आमच्याकडे ते कुणीतरी म्हणजे अजून घरातली बाईच. म्हणून माझी विनंती आहे, पाइपासाठी भिंत फोडण्याआधी तिला तिथे बोलवा. फरशीची तयार पातळी कोळशाने भिंतीवर आखून घ्या, घरातलं सर्वांत उंच भांडं त्या रेघेवर विटा लावून ठेवा, आणि ती सांगेल तिथे खूण करा.