सूर आणि लांबी

माहितीपटाच्या लेखनाच्या करारात साधारणपणे दोन पुनर्लेखनं धरलेली असतात. त्यामुळे पहिल्या वेळेला क्लायंट मोघम बोलतो. 'छान आहे, पण थोडं हलकं करता येईल का?' एवढं लिहून सोडून देतो. दुसऱ्या वेळेला मात्र त्याला ठाऊक असतं की यापुढे पैसे मोजावे लागणार, आणि मग तो नेमकं काय खुपतंय ते सांगतो.

क्षयरोगाच्या उपचारांवरची एक फिल्म मी लिहीत होतो. क्लायंट होती आरोग्यक्षेत्रातली एक संस्था. फिल्म दवाखान्यात, ओपीडीबाहेरच्या टीव्हीवर लागणार होती. दुसऱ्या खर्ड्यावर तिथल्या ताईंची मेल आली, त्यात तीनच मुद्दे होते. फिल्म पाच मिनिटांच्या आत हवी, कारण नाव पुकारलं की माणूस उठून जातो. सूर दरडावणीचा वाटतो. समोरचा आधीच घाबरलेला आहे. आणि लघवी लाल होण्याचं वाक्य सहाव्या मिनिटाला येतं, ते पहिल्या दोन मिनिटांत आणा.

लांबीचं गणित सोपं आहे. मराठी निवेदन सावकाश, समजेल असं वाचलं तर मिनिटाला साधारण एकशे पंधरा शब्द होतात. माझा खर्डा 820 शब्दांचा होता, म्हणजे सात मिनिटांहून जास्त. पण पाच मिनिटांत पाच मिनिटांचं बोलणं बसवायचं नसतं. गोळ्यांचं पाकीट उघडणारे हात दिसतात तेव्हा निवेदकानं गप्प राहायला हवं. मिनिटभर शांतता धरली की उरतात 460 शब्द. म्हणजे जवळजवळ निम्मा मजकूर जाणार. एकेक विशेषण उडवून एवढं कमी होत नाही, अख्खे प्रसंग काढावे लागतात. जंतू कसा पसरतो, निदान कसं होतं, हे भाग गेले. खुर्चीवर बसलेल्याचं निदान झालेलंच होतं.

सुराचं काम अवघड. 'सूर बदला' म्हटलं की लेखक शब्द मऊ करतो, 'पाहिजे'च्या जागी 'कृपया' घालतो. त्यानं सूर बदलत नाही, कारण तो शब्दांपेक्षा वाक्य कोणाच्या बाजूनं बोलतंय यात असतो. माझं वाक्य होतं: 'तुम्ही गोळ्या मध्येच सोडल्यात, तर रोग उलटेल आणि औषधं लागू पडणार नाहीत.' खरंच आहे ते. पण त्यात ऐकणारा आरोपी आहे. प्रत्यक्षात गोळ्या सुटतात त्या बेफिकिरीनं नव्हे. नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा, आणि त्यातल्या पहिल्या काही आठवड्यांतच खोकला कमी होतो, भूक लागते. शिवाय रोजी बुडवून दवाखान्यात यायचं असतं. म्हणून नवं वाक्य असं झालं: 'खोकला थांबला. भूक लागायला लागली. मनात येतं, आता कशाला गोळ्या? जंतू अजून आत आहेत, म्हणून सहा महिने.' धोका तोच आहे. फक्त ऐकणाऱ्याच्या मनातला प्रश्न आधी आला.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटला. रिफॅम्पिसिन या औषधानं लघवीचा रंग नारिंगी-लाल होतो. त्यात धोका काही नसतो, पण न सांगितलेल्या माणसाला ते रक्त वाटतं आणि तो दुसऱ्याच दिवशी गोळ्या बंद करतो. पाच मिनिटांतलं एकच वाक्य ऐकून कोणी उठून गेला, तर ते हे असायला हवं. ते मी चाळिसाव्या सेकंदाला आणलं.

एका ठिकाणी मात्र मी अडून बसलो. सूर सौम्य करण्याच्या ओघात ताईंनी 'डोळे पिवळे दिसले किंवा उलट्या थांबेनात, तर लगेच डॉक्टरांना दाखवा' ही ओळही भीतिदायक म्हणून खोडली होती. ही औषधं यकृताला त्रास देऊ शकतात, आणि ओळखायच्या खुणा या. लघवीच्या रंगाला घाबरू नका असं म्हणायचं आणि ही खूण गाळायची, तर माणूस पिवळ्या डोळ्यांनाही तसंच समजेल. मी तसं कळवलं. त्यांनी ते डॉक्टरांना दाखवलं आणि ओळ परत आली, लाल रंगाच्या वाक्याला लागूनच. एकाला घाबरायचं नाही, दुसऱ्याला थांबायचं नाही, हे शेजारी-शेजारी ठेवल्यावरच नीट कळतं.

शेवटचा खर्डा 452 शब्दांचा झाला. घड्याळ लावून मोठ्यानं वाचला, थांबायच्या जागी खरोखर थांबलो. चार मिनिटं, पन्नास सेकंद.